हरण्यावर बोला, पण ‘हार’ म्हणू नका

क्रीडादिनी पालकांतर्फे तीन मिनिटं बोलायला मला बोलावलं होतं. विषय शाळेनंच दिलेला: हरल्यावर कसं वागावं. एका संध्याकाळी भाषण लिहून झालं. पुढचे दहा दिवस ते ऑफिसात फिरत राहिलं.

मसुदा आधी दाखवायचा, असा नियम होता. पहिल्यांदा परत आला तेव्हा ‘हार’ शब्दाखाली लाल रेघ होती. “जरा सकारात्मक लिहा.” मी ‘अपयश’ केलं, तेही खोडलं गेलं. तिसऱ्या खेपेला पी. टी. उषाच अडकली. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची वेळ ५५.४२ सेकंद आणि कांस्यपदकाची ५५.४१. त्या वेगानं सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे सात सेंटीमीटर, आपली चार बोटं. मुलांना हात वर करून दाखवता येईल असं उदाहरण. पण ऑफिसचं म्हणणं, “पदक मिळालेलं कुणीतरी घ्या ना.”

मग खाशाबा जाधव लिहिले: १९४८ ला लंडनमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. लगेच सही झाली! माझी चिडचिड नेमकी इथेच होती. खाशाबांबद्दल आदर आहेच, पण त्या गोष्टीत हार म्हणजे जिंकण्याआधीचा थांबा होतो. ज्या पोराला कधीच पदक मिळणार नाही, त्यानं काय करायचं? उषाला ऑलिंपिक पदक शेवटपर्यंत मिळालं नाही, तरी ती धावत राहिली आणि पुढे मुलींना शिकवत राहिली. मला सांगायचं होतं ते हेच.

हो, एक राहिलं. भाषणाची वेळ आधीच विचारून घ्या. माझं बक्षीस समारंभानंतर ठेवलं होतं, म्हणजे हरलेली मुलं बसमध्ये चढल्यावर! पीटीच्या सरांना गाठून ते रिलेच्या आधी घेतलं.

माइकवर कागद घडी करून ठेवला आणि उषाचीच गोष्ट सांगितली, चार बोटांसकट. पुढे फक्त दोन गोष्टी सांगितल्या: शर्यत संपली की आधी जिंकलेल्याशी हात मिळवायचा, आणि पंचांबद्दल, बॅटन पडलेल्या मैत्रिणीबद्दल त्या दिवशी काही बोलायचं नाही. रडू आलं तर खुशाल रडा, पण हात मिळवून झाल्यावर. ‘हार’ शब्द निदान सहा वेळा आला असेल.

रिलेत निळ्या हाऊसच्या मुलीच्या हातून बॅटन निसटली. ती नाक पुसत लाल हाऊसच्या चौघींकडे गेली, हात मिळवले आणि थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन हुंदके देत बसली. ज्या मैत्रिणीनं बॅटन दिली होती, तीही मागोमाग जाऊन शेजारी बसली.

ऑफिसातून कुणी काही बोललं नाही. सर तेवढे म्हणाले, “ताई, पुढच्या वर्षी कागद माझ्याकडे द्या.”