देवयानीभोवतीचा काळा खड्डा: फोटोतला नारिंगी उजेड काढतानाचा माझा अनुभव

चार रात्री. फोटो काढायला नाही, तो दोन तासांत झाला होता. चार रात्री गेल्या त्या फोटोतला शहराचा नारिंगी उजेड काढण्यात. त्यातल्या तीन केवळ सॉफ्टवेअरमधल्या ‘बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन’ या एका चौकटीसमोर गेल्या, आणि त्या चौकटीत भरायच्या गोष्टी आहेत जेमतेम चार. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. जिथे जिथे वाचलं तिथे ही पायरी ‘सॅम्पल टाका आणि बटण दाबा’ एवढ्या एका ओळीत उरकलेली होती, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

फोटो देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम 31 चा. 135 मिमी लेन्स, एपीएस-सी कॅमेरा, ट्रॅकर, आणि 60 सेकंदांच्या 120 फ्रेम. सगळं शहरातल्याच गच्चीवरून. सुरुवात केली तेव्हा देवयानी 35 अंशांवर होती, थांबलो तेव्हा 56 अंशांवर. कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे दोष काढायला लागणारे डार्क आणि फ्लॅट फोटोही घेतले होते. कॅलिब्रेशन, स्टॅकिंग सगळं सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये विनातक्रार पार पडलं. स्टॅक, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून झालेला फोटो, उघडला तर खालचा उजवा कोपरा गडद नारिंगी, तिथून वर डावीकडे जाताना रंग मातकट तपकिरी होत गेलेला, आणि मधोमध देवयानीचा फक्त उजळ गाभा.

आधी एक सांगतो, कारण यात माझी पहिली रात्र फुकट गेली. सिरिलमध्ये प्रतिमा `Autostretch` मध्ये, म्हणजे फिकट भाग ताणून उजळ दाखवणाऱ्या दृश्यात, पाहताना तिन्ही रंगवाहिन्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत की सुट्या, हे आधी बघा. सुट्या असतील तर प्रत्येक वाहिनी वेगळी ताणली जाते आणि नारिंगी छटा पडद्यावरून जवळपास नाहीशी होते. मूळ आकड्यांत ती जशीच्या तशी असते. मी सुट्या वाहिन्यांवर पाहून ‘झालं’ म्हणालो आणि पुढे गेलो. वाहिन्या जोडल्यावर सगळा नारिंगीपणा परत समोर उभा.

आता त्या चौकटीकडे येतो. बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनची कल्पना सोपी आहे. शहराचा उजेड ताऱ्यांच्या प्रकाशात मिसळलेला असतो, म्हणजे त्याची बेरीज झालेली असते. फोटोत जिथे निव्वळ आकाश आहे तिथे छोटे छोटे चौकोन, म्हणजे सॅम्पल, ठेवायचे. तिथली पातळी मोजून त्यांच्यामधून एक गुळगुळीत पृष्ठभाग बसवायचा आणि तो फोटोतून वजा करायचा. लाल, हिरव्या आणि निळ्या वाहिनीसाठी हे स्वतंत्रपणे होतं, म्हणून उताराबरोबर रंगही जातो. दुरुस्तीचा प्रकार `Subtraction` च ठेवायचा. `Division` हा लेन्सच्या कडांना येणाऱ्या अंधारासाठी, कारण तिथे गुणाकार झालेला असतो. ते काम फ्लॅटनं आधीच केलेलं असलं पाहिजे. फ्लॅट नसतील तर दोन्ही दोष एकमेकांत मिसळतात आणि कुठलाच नीट सुटत नाही.

मी `Samples per line` 20 ठेवलं, `Grid tolerance` 1 वर होतं, आणि `Generate` दाबलं. चौकोन पडले, पण नारिंगी कोपऱ्यात एकही नाही. म्हणजे ज्या कोपऱ्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच रिकामा. कारण साधं आहे. तारे आणि दीर्घिका वगळता याव्यात म्हणून सर्वसाधारण पातळीपेक्षा बरीच उजळ जागा आपोआप नाकारली जाते, आणि माझा कोपरा इतका उजळ होता की तोही नाकारला गेला. मग टॉलरन्स, म्हणजे किती उजळ जागा चालेल ती मर्यादा, वाढवत नेला. 3 च्या पुढे कोपरा भरला. आरबीएफ, म्हणजे सॅम्पलनुसार हवा तसा वाकणारा पृष्ठभाग बसवणारी पद्धत निवडली, उजेड वजा केला, आणि पाहतो तर नारिंगी खरंच गेलेला! आकाश करडं, एकसारखं. फक्त देवयानीभोवती एक काळसर खड्डा होता आणि तिचे बाहेरचे फिकट हात जवळजवळ पुसले गेले होते.

यानंतरच्या दोन रात्री मी याच खड्ड्यात होतो. स्मूदिंग वाढवलं, खड्डा रुंद आणि उथळ झाला. कमी केलं, अरुंद आणि खोल झाला. आरबीएफ सोडून चौथ्या घाताचं बहुपद घेतलं, तर देवयानी थोडी सुधारली पण एका कोपऱ्यात हिरवा आणि समोरच्या कोपऱ्यात जांभळा डाग उमटला. चौथ्या घाताच्या पृष्ठभागाला 15 गुणांक असतात, त्याला वाकायला भरपूर वाव असतो, आणि जिथे सॅम्पल विरळ तिथे तो मन मानेल तसा वाकतो. दर वेळी नवा आकडा, दर वेळी नवा डाग. रात्री दीड वाजता आकडे बदलत बसलेला माणूस विचार करत नसतो, हे मी अनुभवानं सांगतो.

सुटका झाली ती एका ज्येष्ठ मित्राच्या प्रश्नानं. बरीच वर्षं आकाशाचे फोटो काढणारे गृहस्थ. त्यांना दोन्ही फोटो पाठवले. त्यांनी फोटोंबद्दल काहीच न बोलता विचारलं, “वजा काय केलंस ते बघितलंस का?”

बघितलं नव्हतं. पिक्सेल मॅथमध्ये मूळ स्टॅक I1 आणि दुरुस्त केलेला I2 म्हणून घेतले आणि एवढंच लिहिलं:

```
I1 - I2 + 0.1
```

शेवटचा 0.1 एवढ्यासाठी की वजाबाकी कुठे शून्याखाली गेली तरी ती दिसावी. जे समोर आलं ते शहराच्या उजेडाचं चित्र असायला हवं होतं: एका कोपऱ्यातून दुसरीकडे सावकाश उतरणारा रंग, बाकी काही नाही. माझ्या चित्रात त्या उतारावर मधोमध तिरपी, धूसर देवयानी बसलेली होती. दीर्घिका मी स्वतःच्या हातानं वजा करत होतो.

हिशोब मग लगेच जुळला. माझ्या फोटोची रुंदी 6000 पिक्सेल आणि जवळपास 10 अंश. देवयानी लांबीला सुमारे 3 अंश, म्हणजे 1800 पिक्सेल. ओळीत 20 सॅम्पल म्हणजे दर 300 पिक्सेलला एक. टॉलरन्स वाढवल्यावर कोपऱ्याबरोबर दीर्घिकेची फिकट कडाही ‘आकाश’ म्हणून स्वीकारली गेली आणि तिच्यावर बरेच चौकोन जाऊन बसले. गाभा उजळ म्हणून तेवढा वाचला. पडद्यावर ती कडा दिसतच नव्हती, म्हणून तिथले चौकोन मला निर्धोक वाटले होते. देवयानी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा खूप मोठी आहे, आणि एम 110 ही तिची सोबतीण दीर्घिकाही त्याच पट्ट्यात येते. तिच्यावरही एक चौकोन होता.

चौकोनावर राइट-क्लिक केलं की तो जातो, मोकळ्या जागी लेफ्ट-क्लिक केलं की नवा बसतो. दीर्घिकेवरचे आणि तिच्या भोवतीच्या रुंद पट्ट्यातले सगळे चौकोन मी हातानं काढले. खड्डा गेला. पण कोपऱ्यात एक नारिंगी शेपूट राहिली, ती काही केल्या सरळ होईना.

त्याचं कारणही त्याच मित्रांनी सांगितलं, आणि या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ट्रॅकर कॅमेऱ्याला ताऱ्यांशी बांधून ठेवतो. शहर मात्र जमिनीवर असतं. देवयानी 35 वरून 56 अंशांवर चढेपर्यंत क्षितिजाची दिशा माझ्या फ्रेममध्ये पंचवीसेक अंश फिरली होती आणि उजेड हळूहळू कमीही झाला होता. एका फ्रेमपुरता पाहिला तर उतार जवळजवळ सरळ, टेबलाचा एक पाय उचलावा तसा. असे वेगवेगळ्या दिशांचे, थोडे थोडे वाकलेले 120 उतार स्टॅकमध्ये एकत्र होताना टोकाची मूल्यंही वगळली जातात आणि वेडावाकडा पृष्ठभाग तयार होतो, आणि तो पकडायला मी चौथा घात शोधत होतो. म्हणून वजाबाकी स्टॅकिंगच्या आधी, प्रत्येक फ्रेमवर करायची, आणि तीही फक्त पहिल्या घाताची:

```
seqsubsky pp_light 1
register bkg_pp_light
stack r_bkg_pp_light rej 3 3 -norm=addscale -output_norm
```

यातल्या `pp_light` फ्रेम कॅलिब्रेट होऊन डीबेयर झालेल्या, म्हणजे रंगीत असल्या पाहिजेत. पहिल्या घाताचा पृष्ठभाग सपाट असतो, त्याला देवयानीचा आकार घेताच येत नाही, म्हणून इथे हातानं चौकोन काढायची गरज पडत नाही. नव्या स्टॅकमध्ये फिकट, रुंद उतार तेवढा उरला. कोपरा आता उजळ नसल्यामुळे टॉलरन्स 1 वरच तिथे चौकोन पडले! तीन रात्री ज्या आकड्याशी झगडलो त्याला हात लावायची वेळच आली नाही. मग आरबीएफ, ओळीत 10 सॅम्पल, दीर्घिकेजवळचे काढून टाकलेले, आणि एकदाच `Apply`. पुन्हा वजाबाकीचं चित्र पाहिलं. नुसता उतार. त्या क्षणी झालेला आनंद फोटो पूर्ण झाल्यावरही झाला नाही.

मध्येच राहून गेलं: स्टॅकच्या कडा आधी कापा. फ्रेम एकमेकींवर सरकवून बसवताना कडांना कमी फ्रेम येतात, तिथली पातळी वेगळी पडते, आणि एक चौकोन जरी तिथे बसला तरी पृष्ठभाग त्या बाजूला झुकतो. रंगांचं कॅलिब्रेशन उजेड काढल्यानंतर, आणि कायमचं स्ट्रेचिंग त्याच्याही नंतर. आधीच ताणलेल्या फोटोत साधी बेरीज उरलेली नसते, म्हणून वजाबाकीही चुकते. जेपीईजीवर हे करायला बसू नका, त्यात मुळात उजळपणाच्या तेवढ्या पायऱ्याच नसतात.

आणि एक मर्यादा. उजेड वजा होतो, त्यानं आणलेला रवा, म्हणजे फोटोतली दाणेदार खरखर, वजा होत नाही. समजा एका पिक्सेलमध्ये दर फ्रेमला आकाशाचे 900 इलेक्ट्रॉन जमतात आणि दीर्घिकेच्या फिकट हाताचे 20. 120 फ्रेममध्ये हाताचे 2400 होतात, आणि एकूण प्रकाशाच्या वर्गमुळाएवढा रवा सुमारे 330. गुणोत्तर 7. आकाश 100 इलेक्ट्रॉनांचं असतं तर रवा 120 आणि गुणोत्तर 20 झालं असतं. मी वजाबाकी कितीही नेटकी केली तरी ते 7 चं 20 होत नाही. त्यासाठी जास्त फ्रेम नाहीतर अंधारं आकाश. जुन्या सोडियम दिव्यांचा नारिंगी प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्यामुळे फिल्टरनं बराच अडवता येतो. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तिथे फिल्टर फारसा कामी येत नाही.

माझ्या फोटोत देवयानीचे हात आता कडेपर्यंत दिसतात, एम 110 पूर्ण लंबगोल दिसते. खालच्या उजव्या कोपऱ्यात वाहिन्या जोडून, खूप ताणून पाहिलं तर अगदी पुसट तपकिरी झाक आहे. ती घालवायला अजून दोन चौकोन दीर्घिकेजवळ टाकावे लागतील, आणि ते मी टाकणार नाही.