ऑफरला नाही म्हटलं, तरी दहा महिन्यांनी त्यांचाच फोन आला

आधी एक कबुली देऊन टाकतो. काही वर्षांपूर्वी मी एक ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली, तारीख ठरली, आणि मग आहे त्या कंपनीने पगार वाढवून दिला म्हणून जॉइनिंगच्या दिवशी फोन सायलेंटवर टाकून गप्प बसलो. मेल नाही, मेसेज नाही. वाटलं, एवढी मोठी कंपनी, त्यांना काय फरक पडतो. दोन वर्षांनी अंबडच्या दुसऱ्याच एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो तर टेबलाच्या पलीकडे त्याच एचआर मॅडम, नोकरी बदलून तिथे आलेल्या. माझा रेझ्युमे बघितला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सात तारखेला येणार होतात ना? तुमचं आयकार्ड छापून ठेवलं होतं आम्ही." ती नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच. नाशिकची एमआयडीसी म्हणजे सातपूर, अंबड, सिन्नर, सगळे एचआर एकमेकांना ओळखतात, आणि मी फोन सायलेंटवर ठेवला हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत होतं देव जाणे.

म्हणून गेल्या वर्षी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमधून ऑफर आली आणि ती नाकारायची वेळ आली तेव्हा ठरवलं की यावेळी नीट नाही म्हणायचं.

मी क्वालिटीत आहे, सात वर्षं झाली. तीन राउंड झाले, शेवटचा प्लांटवर. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते सर मला फार आवडले. लाइनवर चालता चालता त्यांनी एका रिजेक्ट पार्टकडे बोट दाखवून विचारलं, हा कुठे अडकला असेल सांग, आणि मी सांगेपर्यंत मध्ये बोलले नाहीत. असा बॉस मिळावा असं वाटतंच की. गुरुवारी ऑफरचा मेल आला, पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर द्या म्हणून.

आकडा साडेदहा लाख, माझा तेव्हाचा सीटीसी 8 लाख 40 हजार, त्यामुळे पहिल्या रात्री घरात पेढे आणायचंच बाकी होतं. शुक्रवारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. साडेदहातले 1 लाख 5 हजार व्हेरिएबल, म्हणजे अप्रेझलनंतर मिळाले तर मिळाले. बेसिक महिन्याला 35 हजार, त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ, 4.81 टक्के ग्रॅच्युइटी, वर मेडिक्लेमचा प्रीमियम, हे सगळं सीटीसीतच धरलेलं. माझ्या बाजूचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स कापून हातात साधारण 67 हजार. आत्ता 58 मिळतात. म्हणजे नऊ हजारांची वाढ, आणि तिकडे खोलीचं भाडं, मेस आणि दर आठवड्याचं नाशिक-चाकण येणंजाणं धरलं की त्यातलं काही उरत नाही. बायको दिंडोरी तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका, तिची आंतरजिल्हा बदली म्हणजे कधी होईल ते सांगता येत नाही, त्यामुळे घर इकडेच राहणार.

तरी पैशांवर मी नाकारत नव्हतो, हे मला स्वतःलाच नीट समजायला दोन दिवस लागले. खरी अडचण होती शिफ्टची. ऑफर लेटरमध्ये एका ओळीत लिहिलं होतं, रोटेशनल शिफ्ट. शनिवारी सरांना फोन करून सरळ विचारलं की जनरल शिफ्ट शक्य आहे का. ते म्हणाले, नवीन लाइन आहे, निदान वर्षभर तरी तीन शिफ्ट चालणारच, आणि क्वालिटीचा माणूस रात्री हवाच. आठवड्यातून एकच सुट्टी, त्यात नाइट करून चार तास बस, म्हणजे मुलगी मला झोपलेलाच बघणार. रविवारी बायकोशी बोललो. ती म्हणाली, "तुला जायचं असेल तर मी अडवत नाही, पण सहा महिन्यांनी चिडचिड करत परत येणार असशील तर आत्ताच नाही म्हण ना." झालं.

आता यात कन्सल्टन्सीवाला होता. त्याने रविवारी रात्रीच सांगितलं, सर तुम्ही अ‍ॅक्सेप्ट करून ठेवा, साठ दिवस नोटीस आहे, तोपर्यंत बघू. यात त्याचा हिशोब असा की उमेदवार जॉइन झाला तरच त्याला फी मिळते, म्हणून "नाही" हा शब्द तो शक्यतो पुढे जाऊ देत नाही. पण साठ दिवसांनी नाही म्हणणं आणि चौथ्या दिवशी नाही म्हणणं यात काय फरक आहे ते त्या आयकार्डवाल्या मॅडमनी मला आधीच शिकवलं होतं. ऑफर एकाला दिली तरी एचआर दुसऱ्या नंबरच्या माणसाला लगेच नाही म्हणत नाही, थोडे दिवस होल्डवर ठेवतात. सोमवारी नाही म्हटलं तर तो अजून हाताशी असतो. दोन महिन्यांनी म्हटलं तर तो कुठेतरी लागलेला असतो, परत पहिल्यापासून शोधाशोध, आणि कधी कधी तेवढ्यात बजेट संपलं म्हणून ती जागाच बंद होते. राग "नाही"चा येत नाही, उशिरा आलेल्या "नाही"चा येतो.

सोमवारी आधी फोन सरांनाच केला, एचआरला नाही. हे मुद्दाम. ज्या माणसाला मी हवा होतो त्याला ते पोर्टलवरच्या नोटिफिकेशनवरून कळलं असतं तर मला स्वतःलाच लाज वाटली असती. प्लांटमध्ये सकाळी साडेदहापर्यंत प्रॉडक्शन मीटिंग असते, म्हणून अकराला मेसेज टाकला, सर पाच मिनिटं बोलता येईल का. त्यांचाच फोन आला. मी आदल्या रात्री कागदावर तीन वाक्यं लिहून ठेवली होती, कारण मी घाबरलो की उगाच पाल्हाळ लावतो. म्हणालो, "सर, खूप विचार केला, ही ऑफर मी घेऊ शकत नाहीये. घर नाशिकलाच राहणार आणि रोटेशनल शिफ्टमध्ये मला ते जमणार नाही. पुढे कधी जनरल शिफ्टचं किंवा नाशिकमध्ये बसून करायचं काम निघालं तर मला नक्की विचारा, मला तुमच्याबरोबर काम करायचंय."

दोन-तीन सेकंद गप्प. मग त्यांनी विचारलं, पैशाचं काही असेल तर बोलू का वर? इथे मोह होतो हो. म्हणालो नाही सर, पैसे वाढले तरी शिफ्ट तीच राहील ना. कारण समजा त्यांनी धावपळ करून पन्नास हजार वाढवून आणले असते आणि मी तरीही नाही म्हटलो असतो, तर वरच्यांसमोर त्यांची मान खाली गेली असती, मग पुढच्या वेळी ते माझं नाव कशाला घेतील. जे कारण सांगितलं ते सुटलं तर मी खरंच येईन, असंच कारण सांगायचं. "वैयक्तिक कारणामुळे" असं लिहून मोकळं होता येतं, पण मग पुढच्या वेळी कोणती जागा निघाली की तुम्हाला फोन करायचा हे त्यांना कळणार कसं?

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात मेल. पहिला ड्राफ्ट दीड पानाचा झाला होता, त्यात तीनदा माफी आणि आईच्या गुडघ्याचासुद्धा उल्लेख. बायकोने वाचून म्हटलं, हा राजीनामा आहे की शोकसंदेश. सगळं उडवलं. मेल इंग्लिशमध्ये होता, मराठीत सांगायचं तर साधारण असा:

"नमस्कार मॅडम, सीनियर क्वालिटी इंजिनिअर पदाची ऑफर दिल्याबद्दल आभारी आहे. सकाळी सरांशी बोलणं झालं आहे. कुटुंब नाशिकला असल्याने रोटेशनल शिफ्टमध्ये काम करणं मला शक्य नाही, म्हणून ही ऑफर मी स्वीकारू शकत नाही. दुसऱ्या उमेदवाराला कळवायला तुम्हाला वेळ मिळावा म्हणून मुदतीआधी कळवत आहे. जनरल शिफ्ट किंवा नाशिक भागातलं सप्लायर क्वालिटीचं काम निघाल्यास माझा जरूर विचार करावा."

बस. ऑफर लेटर ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय केला, नवीन मेल टाकला नाही, म्हणजे नंतर कोणी शोधलं तर सगळं एका जागी सापडेल. सरांना सीसी. आणि पोर्टलवर जाऊन Decline पण दाबलं, कारण तिथे ऑफर तशीच पडून राहिली तर एचआरच्या यादीत तुम्ही लटकलेलेच दिसता. तिथे कारण निवडायचं होतं, पर्यायांत शिफ्ट नव्हतंच, मी Location निवडलं. पगाराचा पर्याय निवडला असता तर मेलमध्ये एक आणि सिस्टिममध्ये भलतंच झालं असतं.

कन्सल्टन्सीवाल्याला त्याच तासात सांगितलं. तो भडकला, आधी मला का नाही सांगितलं वगैरे. आधी सांगितलं असतं तर ते पुढे कोणत्या रूपात पोहोचलं असतं याची मला खात्री नव्हती, पण हे त्याला बोललो नाही, सॉरी म्हणालो.

एक गोष्ट जास्तीची केली. माझ्याबरोबर आधी काम केलेला एकजण भोसरीलाच राहतो, शिफ्टची त्याला सवय, नोकरी शोधत होता. त्याला विचारून त्याचा रेझ्युमे सरांना पाठवला. त्याचं तिथे झालं नाही, सरांनी मात्र थँक्यू म्हटलं. नंतर मी त्यांना उठसूट मेसेज केले नाहीत. दिवाळीला एक, आणि मार्चमध्ये मी सप्लायर ऑडिटचं ट्रेनिंग केलं तेव्हा एक, दोन ओळींचा.

एप्रिलमध्ये सरांचा फोन. त्यांचे पाच-सहा सप्लायर अंबड-सातपूर-सिन्नर पट्ट्यात आहेत, दर आठवड्याला चाकणहून माणूस पाठवून कंटाळलेत, नाशिकमध्ये बसणारा सप्लायर क्वालिटीचा माणूस हवाय. "तू मेलमध्ये लिहिलं होतंस ना, म्हणून पहिला तुला लावला." एचआर मॅडमनी तोच जुना मेल वर काढला, माझ्या जॉइनिंगवर फी मागायच्या कन्सल्टन्सीच्या सहा महिन्यांच्या हक्काची मुदत संपली आहे का ते तपासलं, ती संपली होती. टेक्निकल राउंड परत घेतला, कारण काम वेगळं. पगाराचं बोलणंही पहिल्यापासून, जुने साडेदहा लाख कोणी धरून ठेवले नव्हते. मी मनातल्या मनात ठेवले होते, ती माझी चूक.

कालच लेटर आलंय, 9 लाख 60 हजार, व्हेरिएबल कमी, जनरल शिफ्ट, आठवड्यातून चार दिवस नाशिक, एक दिवस चाकण. बायको शाळेतून यायचीये, तोवर बेसिकच्या ओळीपासून परत हिशोब मांडतोय. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि यावेळीही फोन आधी सरांनाच जाणार.