आमची वाटचाल: नाशिकच्या भाजीपासून मुंबईच्या जहाजांपर्यंत

सुरुवात भाजीने झाली. मुंबई बंदरात जहाजांना किराणा आणि भाजी पुरवणाऱ्या एका चँडलरला आम्ही नाशिकच्या मार्केट यार्डातून कांदा, कोबी, टोमॅटो द्यायचो. रात्री कसारा घाट उतरून टेम्पो पहाटे गोदीच्या गेटवर पोचायचा आणि तिथे कळायचं, जहाज अजून बर्थला, म्हणजे धक्क्याला, लागलेलंच नाही. टोमॅटो गाडीतच मऊ पडायचे. जहाज कधी लागणार हे खात्रीने सांगायचा तो जहाजाचा एजंट. त्याच्याकडे चौकशीला जाता जाता त्याचं काम कळत गेलं, आणि पुढे आम्ही तेच धरलं. आज कागदपत्रं नाशिकच्या ऑफिसात होतात, जहाजावर जाऊन काम बघणारी मुलं मुंबईत असतात.

जहाजाचा मालक बाहेरदेशी बसलेला असतो. बंदरात त्याच्या वतीने सही आमची. म्हणून बंदराचे पोर्ट ड्यूज, जहाज आत आणणारा पायलट, ते ओढणारी टग बोट आणि बर्थचं भाडं धरून अंदाजे खर्च आधी पाठवायचा आणि पैसे खात्यात आल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही शिस्त आम्ही पहिल्यापासून पाळली. कस्टम्सचंही तसंच. मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, जहाज पोचण्याआधी भरावी लागते, कस्टम्सची ‘एंट्री इनवर्ड’ परवानगी मिळाल्याशिवाय माल उतरवता येत नाही, आणि 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या कलम 148 प्रमाणे कॅप्टनच्या जबाबदाऱ्या एजंटवरही येतात. चूक झाली तर नोटीस आमच्या नावाने निघते.

पावसाळ्यातला एक कॉल, म्हणजे जहाजाची बंदरातली एक फेरी, सांगतो, कारण या धंद्यात काय काय एकमेकांत अडकलेलं असतं ते त्यात दिसतं. सुटा वाटाणा भरलेलं बल्क जहाज मुंबईला आलं. त्याच्या बर्थवर आधीचं जहाज धान्यच उतरवत होतं. पाऊस आला की हॅच, म्हणजे मालाच्या खणांची तोंडं, बंद करावे लागतात, नाहीतर माल भिजतो. त्यामुळे ते जहाज हलेना आणि आमचं बाहेर नांगरावर. भरलेलं जहाज खोल बसतं, त्यामुळे पायलट त्याला भरतीच्या वेळेलाच आत घेतो; एक भरती चुकली की पुढची साधारण साडेबारा तासांनी.

त्याच जहाजावर तिघे उतरायचे होते आणि तिघे चढायचे होते, त्यात चीफ इंजिनिअरही. मालकाचा निरोप आला: विमानाची तिकिटं निघाली आहेत, लाँच पाठवून नांगरावरच बदली करा. आम्ही नाही म्हटलं. पावसाळी लाटांत लाँच जहाजाशेजारी वर-खाली होते. दोराच्या शिडीवर पाय टाकायचा तो नेमका क्षण पायलटच्या अंगवळणी पडलेला असतो. बॅगा घेऊन आलेल्या, प्रवासाने थकलेल्या माणसाच्या नाही. तिघांना हॉटेलात ठेवलं, परतीची तिकिटं पुढे ढकलली.

तोवर नाशिकला कागद तपासणं चालू होतं. मालकाच्या यादीतला एका खलाशाचा पासपोर्ट नंबर आणि त्याने पाठवलेल्या स्कॅनवरचा नंबर जुळेना. त्याने पासपोर्ट नवा काढला होता, यादीत जुनाच राहिला होता. तो तसाच गेला असता तर गेटपास आणि इमिग्रेशन, दोन्हीकडे अडकला असता. दुरुस्त यादी त्याच संध्याकाळी मागवून घेतली.

अखेर बर्थ मोकळा झाला. पायलट जहाजावर चढल्याचा फोन आला तेव्हाच भाजीचा टेम्पो यार्डातून सोडला. आरोग्य खात्याची परवानगी आधीच हातात होती. जहाज बर्थला लागल्यावर कस्टम्सने स्टोअर लिस्ट पाहून दारू-सिगारेटच्या खोलीला सील ठोकलं. मग नवे तिघे इमिग्रेशन करून वर गेले. जुने मात्र लगेच उतरवले नाहीत. जहाजावर कमीत कमी कोणते अधिकारी हवेत हे सेफ मॅनिंगच्या दाखल्यात लिहिलेलं असतं; बदली आल्याशिवाय चीफ इंजिनिअरला सोडलं तर जहाज निघूच शकत नाही. शिवाय टाक्यांत तेल किती, कोणता पंप दुरुस्तीला आला आहे, हे एकाने दुसऱ्याला इंजिनरूममध्ये उभं राहून दाखवायचं असतं. संध्याकाळी सह्या झाल्यावरच जुने तिघे खाली आले. नवी क्रू लिस्ट तयार करून पुढच्या कागदांना जोडली, कारण बंदर सोडण्याचा कस्टम्सचा परवाना, पोर्ट क्लिअरन्स, मागताना तीच दाखवावी लागते.

हिशेबाच्या वेळी मालकाने हॉटेलच्या आणि तिकीटबदलाच्या खर्चावर बोट ठेवलं. आम्ही प्रत्येक पावती, हवामानाचे इशारे आणि कॅप्टनने लाटांबद्दल पाठवलेला मेल सोबत जोडला. रक्कम पूर्ण मिळाली आणि त्याच मालकाचं पुढचं जहाजही आमच्याकडेच आलं. त्याच्या कामाच्या अटींत मात्र आम्ही एक ओळ वाढवली: पावसाळ्यात नांगरावर क्रू बदल करायचा की नाही, हे त्या दिवशीचा समुद्र बघून एजंट आणि कॅप्टन ठरवतील. ती ओळ आता आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकात असते.