थकलो होतो, पण झोप येईना

चोपड्याजवळ आमची पाच एकर केळी. पंपाची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री; रात्री आली की जागून पाणी भरायचं. जानेवारीत रात्रपाळीचा आठवडा संपला, लाइट दिवसा आली, तरी माझी झोप काही परत येईना. संध्याकाळी सातला जेवतानाच डुलकी लागायची. दहाला गादीवर पाठ टेकली की छाती धडधडायची. मोटार जळाली तर काय, घड पडले तर काय, हेच चालू. एकदा नाडी मोजली तर मिनिटाला ९२. आई म्हणायची, "डोया लाल व्हयी ग्यात, जपी जाय आते." मग मी आठलाच अंथरुणात शिरू लागलो. तीच मोठी चूक होती, हे नंतर कळलं.

गावातल्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड तपासलं, कारण त्यातही धडधड आणि झोपमोड होते. ते नॉर्मल निघालं. मग त्यांनी समजावलं ते असं: दिवसभर जागं राहिलं की मेंदूत झोपेची भूक साठत जाते. पण शरीराला जागं ठेवणारी यंत्रणा वेगळी असते. कॉर्टिसॉल हे हार्मोन पहाटे वाढून सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. झोप कमी पडली की दुसऱ्या संध्याकाळी ते उतरायला हवं तेवढं उतरत नाही. वर काळजीने अॅड्रिनॅलिन सुटतं, त्यानेच छाती धडधडते. म्हणजे भूक असते, पण घास गिळवत नाही. त्यात मी रात्री जेवणानंतर 'थकवा जावा' म्हणून चहा घ्यायचो. चहातल्या कॅफिनने थकवा जात नाही, झोपेच्या भुकेची जाणीव तेवढी दबते, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं.

कॉर्टिसॉलची तपासणी करू का, असं मी विचारलं. एवढ्यासाठी नको, म्हणाले.

झोपेची गोळी न घेता ठरलं ते साधं होतं, पण जड गेलं. रात्री कितीही जागलो तरी सकाळी सहाला उठायचं. अकराच्या आत गादीवर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, की उठून ओट्यावर बसायचं, घड्याळ न बघता. जांभई आली की परत यायचं. दुपारी दोननंतर चहा बंद. आणि सातला वहीत मोटारीचं, खताचं, मजुरीचं सगळं लिहून वही कोठीत ठेवायची.

पहिले चार दिवस वाईट गेले. तिसऱ्या रात्री तीनदा ओट्यावर आलो, गोधडी अंगावर घेऊन. दुपारी ट्रॅक्टर चालवायचं मी स्वतःच बंद केलं, डोळा लागायची भीती होती. दहाव्या दिवसाच्या सुमारास पाठ टेकल्यावर धडधड झाली नाही, म्हणून नाडी मोजायला हात नेला आणि मोजता मोजताच झोप लागली.

फेब्रुवारीत परत रात्रपाळी आली तेव्हा घडी मोडलीच. तेव्हा लहान भावाशी वाटणी केली: एक रात्र तो, एक रात्र मी. चहाचा थर्मास मात्र अजून शेतात नेतो, बाराच्या आत संपवायचा या अटीवर. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.