पंचाहत्तरच्या वर किती पोरं? टेबलनं मला पहिल्यांदा फसवलं ते असं

बीएडच्या इंटर्नशिपला नववीच्या दोन तुकड्यांचा गणिताचा निकाल हातात आला, १२० पोरं, १०० मार्कांचा पेपर, आणि कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या की याद्या मोजत बसू नकोस, सरासरी आणि प्रमाण विचलन काढ आणि सामान्य वक्रावरून सांग डिस्टिंक्शनला किती बसतात. सरासरी आली ५६, प्रमाण विचलन १३. पुढे सोपं वाटलं, ७५ मधून ५६ वजा केले, १९ उरले, त्याला १३ ने भागलं की झेड १.४६. सामान्य वक्राच्या टेबलात बघितलं तर ०.४२७९, आपल्याला वरचा भाग पाहिजे म्हणून एकातून वजा करून मी ठोकून दिलं, ५७ टक्के!

मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "अगं, ५६ च्या वर किती असतील?" अर्धे. मग ७५ च्या वर अर्ध्यापेक्षा जास्त कशी काय असतील, मलाच हसू आलं. झालं असं की आमच्या पुस्तकातलं टेबल सरासरीपासून झेडपर्यंतचाच भाग देतं, तो ०.५ मधून वजा करायचा असतो, म्हणजे ०.०७२१, साधारण ७ टक्के. काही टेबलं डावीकडून सगळा भाग देतात, तिथं ०.९२७९ दिसतं आणि ते एकातून वजा करायचं. आता मी कुठलंही टेबल उघडलं की आधी झेड शून्यासमोर काय छापलंय ते बघते, ०.०००० असेल तर पहिला प्रकार, ०.५००० असेल तर दुसरा.

अजून एक बारीक गोष्ट राहिलीच होती. मार्क पूर्णांकात असतात आणि ७५ वाला पण डिस्टिंक्शनमध्येच येतो, म्हणून ७५ ऐवजी ७४.५ घ्यायचे. झेड १.४२, वरचा भाग ०.०७७८, १२० ला गुणलं की ९.३. यादीत मोजली तर १० निघाली, मी जाम खूश!

त्याच जोशात नापास किती तेही काढलं. ३४.५ घेतले, झेड उणे १.६५, खालचा भाग जवळपास ५ टक्के म्हणजे ६ पोरं. यादीत एकही नापास नाही 😅 गणित तीनदा तपासलं, मग आलेख काढला तेव्हा दिसलं की ३५ च्या खाली सगळं रिकामं आणि बरोब्बर ३५ वर ११ जणांचा मनोराच उभा. काठावरच्यांना ओढून वर घेतलेलं, मग तिथं वक्र कसा बसणार. वरच्या टोकाला कोणी हात लावला नव्हता म्हणून तिकडं जमलं.

अहवालात आलेख जोडला होता. शाळेतल्या सरांनी तो बघितला, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे ७५ वालंच ठेवा ना ताई."