पडद्यावरचे ५७

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या संगणकांची आणि नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील उत्पादन कार्यालयात मीटिंग रूममधून काढलेला ३२ इंची टीव्ही भिंतीवर बसवलेला आहे. त्याच्या मागे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडलेला असून त्यावर हजेरीचा फलक दिवसभर चालू राहतो. ही मांडणी मी तेथे जाण्यापूर्वीच झालेली होती आणि ती चांगली चालते, असेच सर्वांचे मत होते. पहिली पाळी सात वाजता सुरू होते. सव्वासातच्या सुमारास शिफ्ट सुपरवायझर त्या फलकाकडे पाहून कोणत्या लाइनवर माणसे कमी आहेत, कोठून कोणाला हलवायचे आणि लेबर ठेकेदाराकडून किती माणसे मागवायची, हे ठरवतात. कारखान्याच्या दोन शेड कार्यालयाच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष फिरून डोकी मोजण्यापेक्षा फलक पाहणे त्यांना साहजिकच सोयीचे वाटते.

एका पावसाळी सकाळी फलकावर पहिल्या पाळीच्या ८४ जणांपैकी ५७ जण हजर दिसत होते. दुसऱ्या शेडमधील असेम्ब्लीची स्थिती सर्वांत वाईट होती. तेथे ३४ पैकी केवळ १५ जण आल्याचे फलक सांगत होता. पाऊस जोरात होता, त्यामुळे माणसे कमी येणे कोणाला विचित्र वाटले नाही. सुपरवायझरांनी पॅकिंगमधील काही जणांना असेम्ब्लीवर पाठवले आणि ठेकेदाराला फोन करून आठ माणसे मागवली. थोड्याच वेळात दुसऱ्या शेडमधून फोन आला, "साहेब, इथे आमचीच माणसं पुरून उरलीत, तुम्ही अजून कशाला पाठवताय?" सुपरवायझर स्वतः जाऊन मोजून आले, तेव्हा दोन्ही शेड मिळून ७९ जण कामावर होते. ठेकेदाराची माणसे तोवर निघालेली होती आणि त्यांची दिवसाची मजुरी द्यावीच लागणार होती.

मी पोहोचलो तेव्हा कार्यालयात सर्वांचा संशय टीव्हीवर होता. टीव्ही अडकला असेल, पान हँग झाले असेल, रास्पबेरी पाय गरम झाला असेल, असे अंदाज चालले होते. पण पानाच्या कोपऱ्यातले घड्याळ अचूक वेळ दाखवत होते आणि त्याचे सेकंदही पुढे सरकत होते. पानाच्या सुरुवातीला दर मिनिटाला ते नव्याने उघडण्याची सूचना दिलेली होती:

```html
<meta http-equiv="refresh" content="60">
```

मी समोर उभा राहून पाहिले, तर पान खरोखरच दर मिनिटाला क्षणभर कोरे होऊन पुन्हा उमटत होते. याचा अर्थ टीव्ही, पाय, नेटवर्क आणि पान पुरवणारा सर्व्हर हे चारही आपापले काम बिनचूक करत होते. सर्व्हर दर मिनिटाला डेटाबेसला विचारत होता, डेटाबेस दर मिनिटाला ५७ हे उत्तर देत होता आणि टीव्ही ते निष्ठेने दाखवत होता. पान ताजे होत होते, आकडा मात्र शिळा होता. कोपऱ्यातल्या घड्याळाने तर अधिकच घोळ घातला होता, कारण ते पायची स्वतःची वेळ दाखवत होते आणि हजेरीच्या माहितीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पाहणाऱ्याने मात्र ते घड्याळ आणि तो आकडा एकत्र वाचला, यात त्याचा दोष नाही. एकाच पडद्यावर शेजारी असलेल्या गोष्टी माणूस एकत्रच वाचतो.

मग मी साखळी उलट्या दिशेने तपासत गेलो. डेटाबेसमधील शेवटचे पंच ६.४८ चे होते. गेटवरच्या पंचिंग मशीनचा मेनू उघडून पाहिले, तर त्यात ७.११ पर्यंतची पंचेस व्यवस्थित नोंदलेली होती. म्हणजे माणसांनी बोट लावले होते, मशीनने ते टिपलेही होते, पण तेथून पुढे ते गेले नव्हते. मशीन आपली पंचेस आपल्याच स्मृतीत ठेवते आणि एचआर केबिनमधील संगणकावरचा एक प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी मशीनला विचारून नवी पंचेस ओढून घेतो व डेटाबेसमध्ये लिहितो, अशी तेथील रचना होती.

एचआर केबिनला कुलूप होते. वॉचमनकडून किल्ली आणून उघडले, तर संगणक चालू होता आणि पडद्यावर विंडोजचा पासवर्ड मागणारा चौकोन होता. सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना लाइट गेली होती. सर्व्हर, टीव्ही आणि पाय एकाच मोठ्या यूपीएसवर असल्याने त्यांना धक्काही लागला नाही आणि गेटच्या मशीनला स्वतःची बॅटरी होती. एचआरच्या संगणकाचा छोटा यूपीएस मात्र बॅटरी संपून नुसता खोका झालेला होता. लाइट परत येताच संगणक आपोआप सुरू झाला, कारण बायोसमध्ये तशी सोय आधीच केलेली होती. पण पंचेस ओढणारा प्रोग्रॅम विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवलेला होता आणि तेथील प्रोग्रॅम कोणीतरी लॉगिन केल्यावरच सुरू होतात. एचआरच्या मॅडम साडेनऊला येतात. सिन्नर फाट्याकडून येणारी कंपनीची बस पावणेसातनंतर पोहोचते आणि तिच्यात बहुतेक असेम्ब्लीचीच माणसे असतात, म्हणून असेम्ब्लीचा आकडा सर्वांत खाली दिसत होता.

मॅडमना फोन करून त्यांना लवकर बोलावून घेतले. त्यांनी लॉगिन केल्यावर काही मिनिटांतच फलकावरचा आकडा ५७ वरून एकदम ७९ झाला. त्या वेळी गेटमधून कोणीही आत आलेले नव्हते. कार्यालयातील सर्वांनी तो आकडा बदलताना पाहिला आणि नेमके काय घडले होते, हे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मला या प्रकरणात सर्वांत घातक वाटली ती या आकड्याची सभ्यता. फलकावर शून्य दिसले असते, तर कोणीही तत्क्षणी ओळखले असते की यंत्रणा बंद आहे. ८४ पैकी ५७ हा आकडा पावसाळी सकाळी अगदी पटण्याजोगा होता. माणसे गेटमधून येत असतानाच पंचेस ओढणे मध्येच थांबले, म्हणून अर्धवट आकडा खऱ्यासारखा दिसला.

दुरुस्तीचा पहिला भाग सोपा होता. प्रोग्रॅम स्टार्टअप फोल्डरमधून काढून टास्क शेड्युलरमध्ये टाकला, संगणक सुरू होताच तो चालावा आणि कोणी लॉगिन केलेले असो वा नसो चालत राहावा, असे पर्याय निवडले आणि यूपीएसची बॅटरी बदलून घेतली. तो प्रोग्रॅम खिडकी न उघडताही चालणारा होता, म्हणून हे जमले. खिडकी उघडून कोणीतरी बटण दाबण्याची वाट पाहणारा प्रोग्रॅम असता, तर या मार्गाचा उपयोग झाला नसता.

पण साखळीतील कोणतीही कडी उद्या पुन्हा तुटू शकते, म्हणून आकडा किती जुना आहे हे फलकानेच सांगणे मला आवश्यक वाटले. त्यासाठी शेवटच्या पंचची वेळ वापरावी, असे सहज सुचते. ते चुकीचे आहे. सकाळी आठनंतर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणीच पंच करत नाही, त्यामुळे सर्व काही ठीक असतानाही ती वेळ तासन्‌तास जुनी दिसेल. आपल्याला हवी असते ती मशीनशी शेवटचा यशस्वी संपर्क झाल्याची वेळ, मग त्या संपर्कात एकही नवे पंच मिळालेले नसो. म्हणून डेटाबेसमध्ये एकाच ओळीचा एक तक्ता केला आणि मशीनकडून उत्तर आले की प्रोग्रॅमने त्यात वेळ लिहावी, अशी व्यवस्था लावली.

ती वेळ किती जुनी आहे, हा हिशोब सर्व्हरवरच करून मिनिटांचा आकडा पानाला पाठवतो. तो पायवर सोडला नाही, कारण तेथे असलेल्या पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. लाइट जाऊन आल्यावर नेटवर्कवरून वेळ मिळेपर्यंत त्याची वेळ चुकीची असू शकते. दर मिनिटाला संपूर्ण पान उघडण्याची जुनी सूचनाही काढून टाकली, कारण नेमक्या त्या क्षणी नेटवर्क नसेल तर फलकाच्या जागी ब्राउझरचा त्रुटीचा संदेश येतो. आता पान तसेच राहते आणि फक्त आकडे मागवते. मात्र असे केल्यावर नेटवर्क तुटले तर जुना आकडा पडद्यावर तसाच राहण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून शेवटचे उत्तर येऊन किती मिनिटे झाली, हे पान स्वतः मोजते आणि सर्व्हरने सांगितलेल्या मिनिटांत मिळवते:

```js
const age = serverAgeMin + (performance.now() - lastReply) / 60000;
box.textContent = age > 15 ? "—" : present;
```

हे सेकंदागणिक तपासले जाते. पंचेस दर पाच मिनिटांनी ओढली जातात, म्हणून लागोपाठ तीन वेळा संपर्क हुकला तरच आकडा जावा, या हिशोबाने १५ मिनिटांची मर्यादा घेतली. सुरुवातीला आकडा लाल करावा, अशी सूचना आली होती. मी ती मानली नाही, कारण लाल ५७ हाही ५७ असाच वाचला जातो, आणि लाल रंगाचा अर्थ हजेरी कमी असाही कोणी घेईल. ज्या आकड्यावर विसंबून माणसे हलवायची आहेत, तो विश्वसनीय नसेल तर दिसताच कामा नये.

शेवटच्या संपर्काची वेळ सांगणारी "६.४८ पर्यंतची हजेरी" अशी ओळ पानाच्या तळाशी टाकली, तर ती टीव्हीवर अर्धी कापली गेली. जुने टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा कापतात. चित्राच्या आकाराच्या मेनूमध्ये चित्र जसेच्या तसे दाखवण्याचा पर्याय असतो, तो निवडल्यावर ओळ पूर्ण दिसली. तरीही मी ती ओळ वर, आकड्याच्या लगेच खाली आणली आणि कोपऱ्यातले घड्याळ काढून टाकले. अक्षरांचा आकारही वाढवला. दहा फुटांवरून सहज वाचता यावे, यासाठी अक्षर साधारण एक इंच उंच लागते. सुपरवायझरांचे टेबल टीव्हीपासून वीसेक फुटांवर आहे, म्हणून ती ओळ दोन इंचांची केली. त्यासाठी जागा करायची म्हणून उशिरा आलेल्यांच्या नावांची यादी फलकावरून काढली. भिंतीवर कोणाचे नाव झळकावे, हे मला मुळातच रुचत नव्हते आणि माणसे वाटून देण्यासाठी लाइननिहाय आकडे पुरेसे होते.

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरांना समोर बसवून मी प्रथम एचआरच्या संगणकाची नेटवर्क केबल काढली. शेवटच्या संपर्कानंतर सोळाव्या मिनिटाला सर्व आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या आणि ओळीत केबल काढण्यापूर्वीच्या शेवटच्या संपर्काची वेळ राहिली. केबल परत लावताच पुढच्या फेरीत आकडे आले. मग पायची केबल काढून तेच पाहिले. गेटचे मशीन बंद करण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्याच्याकडे जाणारी नेटवर्कची वायर नेटवर्क स्विचमधून काढून तोही प्रकार तपासला.

पुढे काही आठवड्यांनी गेटजवळ खोदकाम चालू असताना मशीनची वायर तुटली आणि सकाळी सातच्या आधीच फलकावर रेघा दिसल्या. सुपरवायझरांनी दोन्ही शेडमध्ये फिरून माणसे मोजली, कागदावर आकडे लिहिले आणि ठेकेदाराला फोन न करता मला केला.