बडोद्याच्या रेसिडेन्सीपासून अल्जीरियाच्या द्राक्षमळ्यांपर्यंत

"साम्राज्यवाद, वसाहतवाद, राष्ट्रवाद हे शेवटी एकच ना? इंग्रज आले, राज्य केलं, आपण हाकललं!"

इंग्रजांनी बडोद्यावर हुकूम चालवला, पण बडोद्यात ते वसले नाहीत. इथूनच फरक सुरू होतो.

9 नोव्हेंबर 1874 ला रेसिडेंट, म्हणजे बडोदा दरबारात बसवलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडलं. संखिया आणि हिऱ्याची पूड. संशय बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर. चौकशीला सहा जण बसले: तिघे इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज, सर दिनकरराव. इंग्रजांनी दोषी म्हटलं, आपल्या तिघांना पुरावा पुरेसा वाटला नाही. तीन विरुद्ध तीन. तरी एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलंच, पण कारण दिलं गैरकारभाराचं. विषाचा आरोप बाजूलाच राहिला. मग आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी कवळाणे गावचा मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव. आता बघा, राज्य गायकवाडांचंच, खजिना, कचेऱ्या, शेतसारा सगळं त्यांचंच. पण गादीवर कोण बसणार याचा शेवटचा शब्द कलकत्त्याचा. हा साम्राज्यवाद. त्याला माणसं आणून वसवावी लागत नाहीत, एक रेसिडेंट आणि पाठीशी फौज पुरते.

वसाहतवादाला मात्र जमीन लागते, आणि तो नमुना बडोद्यात सापडत नाही. त्यासाठी अल्जीरिया बघा. 1830 मध्ये फ्रेंच फौज उतरली आणि मागोमाग युरोपातली कुटुंबं आली. तिथली बरीचशी जमीन टोळीच्या किंवा भाऊबंदांच्या सामाईक मालकीची, म्हणजे एकट्याला विकता न येणारी. 1873 च्या कायद्याने तिचे वैयक्तिक हिस्से पाडायची वाट मोकळी केली. सामाईकातल्या एकाचा हिस्सा विकत घेतला की बाहेरचा माणूस आत शिरतो, वाटणी मागतो आणि कोर्टखर्चात बाकीचे बुडतात. गावकीची भांडणं पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे त्या मुसलमान मुलखात दारूसाठी द्राक्षमळे उभे राहिले. साम्राज्य इथेही होतंच. त्याच्या जोडीला जमिनीवर नवे मालक येऊन बसले. म्हणून ओळखायचा माझा प्रश्न साधा असतो: सातबारा कुणाच्या नावावर गेला?

राष्ट्रवाद या दोघांच्या जातीचाच नाही. तो राज्य करण्याची पद्धत नव्हे. 'आम्ही एक लोक आहोत, तेव्हा राज्यही आमचं' हा दावा आहे. 1942 च्या ऑगस्टमध्ये बडोद्याहून निघालेल्या विद्यार्थ्यांवर खेडा जिल्ह्यातल्या अडास स्टेशनवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काही मुलं गेली. बडोदं संस्थान होतं, अडास ब्रिटिश हद्दीत. 'छोडो भारत' म्हणत गावोगाव निघालेल्या त्या पोरांनी ही हद्द मोजलीच नव्हती. आणि परके गेल्यावरही हा दावा थांबला नाही: इंग्रज 1947 लाच गेले होते, तरी 1 मे 1949 ला गायकवाडांचं राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं.